टाळूची आग होते, पण डोक्यावर काहीच दिसत नाही: मूळ शोधायचं कसं?

जानेवारीच्या मध्यावर तासगाव तालुक्यातल्या एक ताई माझ्याकडे आल्या. वय 41. डोक्यावरचा स्कार्फ काढताना त्यांनी डोळे घट्ट मिटले. म्हणाल्या, "डॉक्टर, केस दुखतात माझे. कंगवा लावला की टाळू भगभगते, उशीवर डोकं टेकवलं तरी हुळहुळतं. घरात सगळ्यांनी बघितलं, कुणाला काहीच दिसत नाही. सासूबाई म्हणतात उष्णता झालीय."

मीही बघितलं. पुरळ नाही, फोड नाही, खपली नाही, उवा-लिखा नाहीत. टाळू स्वच्छ.

सांगलीत त्वचारोगाची प्रॅक्टिस करताना ही तक्रार मला दर आठवड्याला ऐकायला मिळते. तिला ट्रायकोडायनिया म्हणतात, म्हणजे शब्दशः केसांचं दुखणं. केसाला स्वतःला संवेदना नसते. पण प्रत्येक केसाच्या मुळाभोवती मज्जातंतूंचं बारीक जाळं असतं आणि केस जरा हलला तरी ते मेंदूला कळवतं. हे जाळं हळवं झालं की वाऱ्याची झुळूकसुद्धा आगीसारखी लागते. 1996 साली इटलीतल्या जेनोव्हाचे त्वचारोगतज्ज्ञ आल्फ्रेडो रेबोरा यांनी केसगळतीसाठी आलेल्या रुग्णांना याबद्दल मुद्दाम विचारलं, तर साधारण एक-तृतीयांश जणांनी टाळू दुखत असल्याचं सांगितलं. तक्रार दुर्मीळ नाही. फक्त ती सहसा कुणी आपणहून सांगत नाही, आणि सांगितली तर मनावर घेतली जात नाही.

ट्रायकोडायनिया हे लक्षणाचं नाव आहे, आजाराचं नव्हे. "तुम्हाला ट्रायकोडायनिया आहे" एवढं सांगून कुणी तेल किंवा लोशन दिलं, तर काम अर्धवट झालं. त्याच्यामागे काय आहे ते शोधावं लागतं. ते कसं शोधायचं, घरी काय बघायचं आणि डॉक्टरांना काय सांगायचं, ते या ताईंच्याच उदाहरणावरून सांगते.

आधी हे बघा: थांबायला वेळ आहे ना?

बहुतेक वेळा घाई नसते. पण तीन प्रसंगांत ती असते आणि ते आधी बाजूला काढायला हवेत.

पहिला प्रसंग पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा. कानशिलाजवळ नव्याने दुखायला लागलं, केस विंचरताना टाळू हुळहुळते, आणि भाकरी चावताना जबडा भरून येऊन मध्येच थांबावं लागतं. त्यात अंधारी आली, एक वस्तू दोन दिसली किंवा एका डोळ्याने अंधूक झालं, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज येण्याचा हा आजार आपल्याकडे कमी दिसतो, पण त्यात दृष्टी कायमची जाऊ शकते. संशय पक्का असेल तर डॉक्टर तपासण्या पूर्ण व्हायची वाट न बघता स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू करतात. ही आग टाळूची नसते, आतल्या रक्तवाहिनीची असते.

दुसरा प्रसंग नागिणीचा. डोक्याच्या किंवा कपाळाच्या एकाच बाजूला, मधली रेघ न ओलांडता, अचानक दोन-तीन दिवस जळजळ होते. नागिणीत फोड दिसायच्या आधी काही दिवस नुसती आग होऊ शकते, त्यामुळे पहिल्या भेटीत डॉक्टरांनाही काही दिसत नाही. अशा वेळी रोज आरशात बघा. पाण्याचे फोड आल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग सगळ्यात जास्त होतो. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळ्यालाही धोका असतो, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जायचं.

तिसऱ्या प्रसंगात आगीच्या जोडीला हात बधिर होतो, हाताची पकड सुटते, चालताना तोल जातो किंवा ताप येऊन मान ताठ होते. यापैकी काही असेल तर त्वचारोगतज्ज्ञाच्या रांगेत बसू नका.

ताईंना यातलं काहीच नव्हतं. आग दोन्ही बाजूंना होती आणि सहा आठवडे चालू होती.

"काहीच दिसत नाही" हे खरं आहे का?

ही पायरी लोक सोडून देतात. घरच्यांनी ट्यूबलाइटखाली केस वर करून बघितलेलं पुरेसं नाही. दिवसाउजेडी, खिडकीजवळ किंवा अंगणात बसा. केस कोरडे आणि बिनतेलाचे हवेत, कारण तेलाखाली कोंडाही दिसत नाही. शेपटीकंगव्याने भांग पाडत दुसऱ्या कुणाकडून पाच ठिकाणचे फोटो काढून घ्या: कपाळाजवळची कड, मधला भांग, माथा, कानांच्या मागे आणि मानेवरची केसांची रेघ. मोबाइल चार-पाच इंचांवर धरला तर फोटो स्पष्ट येतो.

फोटो मोठा करून केस जिथून बाहेर येतो ती जागा बघा. निरोगी टाळूवर केसांच्या मुळांशी बारीक छिद्रं दिसतात. एखादी जागा गुळगुळीत, चकचकीत दिसत असेल, तिथली छिद्रंच नाहीशी झाली असतील, किंवा केसांच्या मुळाभोवती लालसर कडं आणि घट्ट चिकटलेली पांढरी खपली असेल, तर सावध व्हा. टाळूच्या एका प्रकारच्या लायकेन प्लॅनसमध्ये सुरुवातीला फक्त आग आणि हुळहुळणं असतं, आणि दरम्यान आतून केसांची मुळं जळून जात असतात. तिथे केस पुन्हा येत नाहीत. मला सर्वात भीती याच आजाराची वाटते, कारण वरवर बघणारा "काही नाही" म्हणतो आणि वर्ष जातं. शंका असेल तर डर्मोस्कोप नावाच्या भिंगाने बघता येतं, आणि तरीही उत्तर मिळालं नाही तर 4 मिलिमीटरचा तुकडा काढून तपासतात. त्यासाठी जागा बधिर करतात, एखादा टाका पडतो.

केस काळे करायचा रंग किंवा "काळी मेंदी" लावल्यावर आग झाली असेल तर तेही इथेच आठवून बघा. रंगाच्या ॲलर्जीत सहसा खाज येते, कानाच्या पाळीवर आणि पापण्यांवर सूज येते. म्हणजे तिथे काहीतरी दिसतंच.

ताई द्राक्षबागेत कामाला जातात. त्यांनी आपणहून विचारलं, "बागेतल्या फवारणीचं असेल का?" प्रश्न रास्त होता. पण फवारणीच्या औषधाने त्वचा भाजली तर तोंड, मान आणि हातही लाल होतात, डोळे चुरचुरतात. फक्त स्कार्फखालची टाळू निवडून पोळते, असं होत नाही. डर्मोस्कोपखाली त्यांच्या टाळूवर सगळी छिद्रं जागच्या जागी होती.

आग कुठून येते हे बोटांनी शोधा

त्यानंतर चार गोष्टी करून बघायच्या. दहा मिनिटं लागतात. आग चालू असताना केलं तर जास्त कळतं.

एक, केसांची बट हलकेच धरून उलट्या दिशेला वाकवा. केस वाकवताच मुळाशी कळ आली तर हळवेपणा केसाच्या मुळाभोवती आहे. केसगळतीसोबत येणारं दुखणं बहुधा असं असतं आणि टाळूच्या मधोमध जास्त जाणवतं.

दोन, कापसाचा बोळा टाळूवरून फिरवा. नुसत्या स्पर्शाने आग होत असेल आणि ती ठरावीक दिवशी, डोकेदुखीच्या आसपासच होत असेल, तर मायग्रेनकडे लक्ष द्या. अर्धशिशीच्या झटक्यात टाळू इतकी हळवी होते की बायका केस मोकळे सोडतात आणि चष्माही काढून ठेवतात. झटका ओसरला की टाळू पुन्हा नेहमीसारखी. तसं असेल तर टाळूला काही लावू नका, उपचार मायग्रेनवर हवा.

तीन, कवटीच्या मागे, मान जिथे सुरू होते तिथे मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना दोन बोटांच्या अंतरावर दाब द्या. तिथून मज्जातंतूची जाड नस वर जाते आणि डोक्याचा मागचा भाग माथ्यापर्यंत सांभाळते. दाबल्यावर झिणझिणी किंवा आग वर चढली तर मानेकडून काहीतरी येतंय. थांबून थांबून विजेच्या कळा येत असतील तर शक्यता आणखी वाढते.

चार, मान मागे टाकून छताकडे अर्धा मिनिट बघा, मग हनुवटी छातीला लावा. चक्कर येत असेल तर हे करू नका. यातल्या एखाद्या हालचालीने तीच नेहमीची आग उठली तर ती खूण लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा.

ताईंना पहिली, तिसरी आणि चौथी अशा तीन तपासण्यांत त्रास झाला. टाळूच्या मधोमध केस वाकवताच कळ यायची. वर बघून वीस सेकंद होतात न होतात तोच मानेपासून टाळूपर्यंत आग चढायची, उजवीकडे जास्त. उजव्या बाजूला कवटीखाली दाबलं तर त्यांनी माझा हातच धरला. एकाच डोक्यात आगीची दोन कारणं नांदत होती. असं अनेकदा असतं. एकच कारण शोधून त्यालाच धरून बसलं की अर्धा त्रास मागे राहतो आणि औषध लागू पडत नाही असं वाटत राहतं.

कॅलेंडर मागे उलगडा

मग मी त्यांना विचारलं, "केस किती गळतात?" त्या म्हणाल्या, "मुठीनं जातात. नोव्हेंबरच्या शेवटापासून." मी म्हटलं, "मग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काय झालं होतं?" त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "गणपतीच्या सुमारास डेंग्यू झाला होता. सलाईन लावलं होतं चार दिवस."

हे उत्तर मिळालं की बरंच काही उलगडतं. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, झपाट्याने कमी झालेलं वजन किंवा खूप रक्त जाणं, यातल्या कशाचाही धक्का बसला की बरेचसे केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीत जातात. विश्रांतीचा काळ साधारण दोन-तीन महिन्यांचा असतो आणि तो संपला की ते एकत्र गळतात. म्हणून गळतीचं कारण गळतीच्या आधी दोन-तीन महिने शोधावं लागतं, आणि तोवर माणूस ताप विसरलेला असतो. या गळतीला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. टाळू दुखण्याचं हे सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे. रोज शंभरेक केस जाणं नेहमीचंच. या गळतीत कंगव्यात, उशीवर, न्हाणीच्या जाळीत केसांचे पुंजके दिसतात.

घरी ओढून बघायची चाचणी करता येते. आदल्या दिवशी केस धुतलेले नसावेत. टाळूच्या जवळ साधारण 50 ते 60 केसांची बट अंगठा आणि दोन बोटांत धरा आणि टोकापर्यंत हळूच, एकसारखी ओढत न्या. हिसका द्यायचा नाही. पाच-सहापेक्षा जास्त केस हातात आले तर गळती चालू आहे. मुळाशी पांढरी बारीक गाठ असेल तर तो विश्रांतीतला केस, आणि ते पाहून घाबरायचं नाही. "मूळच उपटून आलं, आता केस येणार नाही," असं लोकांना वाटतं, पण खरं मूळ आतच असतं. ताईंच्या एका बटीत साठातले नऊ केस आले, सगळे पांढऱ्या गाठीचे.

भांग वर्षानुवर्षं रुंद होत गेला असेल आणि गळती फारशी नसेल तर मात्र गोष्ट वेगळी. तो वंशपरंपरेचा विरळपणा असतो, त्याचा उपचारही वेगळा. त्यातही टाळू दुखू शकते.

मान, द्राक्षबाग आणि अंबाडा

दुसरं कारण सांगायचं तर आधी बागेत जावं लागेल. ऑक्टोबरची छाटणी झाली की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये विरळणी येते. मांडवाखाली बायकांची टोळी उभी राहते, हात डोक्याच्या वर, मान मागे, नजर घडावर. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. घडातले नको ते मणी कात्रीने काढायचे. ताई डेंग्यूतून नुकत्याच उठलेल्या आणि थेट या कामावर गेलेल्या. शिवाय मणी केसांत अडकू नयेत म्हणून घट्ट अंबाडा आणि त्यावर स्कार्फची गच्च गाठ.

मान आणि टाळू यांचा संबंध लोकांना पटत नाही. टाळूच्या मागच्या भागाच्या नसा मानेच्या वरच्या मणक्यांतून येतात, हे एक. दुसरं असं की कपाळापासून मानेपर्यंत टाळूखाली एक घट्ट पडदा असतो, तो मागच्या आणि पुढच्या स्नायूंना जोडलेला. मानेचे आणि डोक्याचे स्नायू तासन्तास आखडून राहिले की तो ताणला जातो. 2013 साली अमेरिकेत टाळूची अशीच आग असणाऱ्या 15 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या 14 जणींच्या मानेच्या मणक्यांत बदल सापडले. मात्र हा अभ्यास लहान आहे, आणि चाळिशीनंतर कुठलाच त्रास नसलेल्यांच्या एमआरआयमध्येही मणक्यांची झीज दिसते. म्हणून फोटोत झीज दिसली एवढ्यावरून आगीचं कारण मिळालं असं मी मानत नाही. हालचालीने आग उठते का, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ताईंच्या हातात बधिरपणा किंवा अशक्तपणा नव्हता, म्हणून मी एमआरआय लिहून दिला नाही. असता तर दिला असता.

अंबाड्याची परीक्षा सोपी असते. केस सोडल्यावर तासाभरात आराम पडत असेल तर ओढ हे कारणाचा भाग आहे. घट्ट पोनीटेल, दोनचाकीवरचं आवळ हेल्मेट, लग्नात दिवसभर वागवलेला जड गजरा आणि पिना, सगळ्याचा परिणाम सारखाच.

काय थांबवायचं

ताईंनी सहा आठवड्यांत काय काय केलं होतं ते ऐका. कांद्याचा रस, लिंबू, मग मेथीचा लेप. नंतर कोंड्याचा कडक शाम्पू एक दिवसाआड. शेवटी मेडिकल दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेलं स्टिरॉइडचं लोशन, रोज दोनदा. लोशन लावलं की पाच मिनिटं आणखी पोळायचं. अशी बरीच लोशन आणि केस वाढवण्याची काही द्रावणं अल्कोहोलमध्ये बनवलेली असतात. हळव्या टाळूवर ती लावणं म्हणजे खरचटल्यावर स्पिरिट ओतण्यासारखं आहे. वर, सूज नसलेल्या टाळूवर स्टिरॉइडला काही कामच नसतं. महिनोन्महिने लावलं तर त्वचा पातळ आणि लाल होते, आणि मग खरोखरच काहीतरी दिसायला लागतं.

म्हणून पहिले दोन आठवडे फक्त वजाबाकी. सगळे लेप, रस, लोशन, रंग बंद. कोमट पाणी आणि सौम्य, बिनवासाचा शाम्पू, आठवड्यातून दोन-तीनदा. केस धुतल्याने गळती वाढत नाही. जे केस सुटलेलेच असतात ते त्या दिवशी दिसतात एवढंच. न धुता ठेवलं तर उलट कोंडा आणि खाज वाढते. तेल लावायला हरकत नाही, पण चोळायचं नाही. बोअरच्या जड पाण्याला बरेच जण दोष देतात. त्याने केस राठ होतात हे खरं, पण टाळूच्या आगीचं मूळ मला तिथे क्वचितच सापडलं आहे.

अंबाडा सैल आणि मानेवर, दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलून. स्कार्फ सुती, गाठ हनुवटीखाली सैल.

तपासण्या, आणि त्यातली एक फसगत

सगळ्या तपासण्यांचा गठ्ठा करायची गरज नसते. केसगळतीसोबत टाळू दुखत असेल तर मी हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, व्हिटॅमिन बी12 आणि रक्तातली साखर एवढंच बघते. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी तो रिकामा असू शकतो. बी12 कमी असेल तर नसाच हळव्या होतात. शाकाहारी मंडळींत आणि मधुमेहासाठी अनेक वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते विशेष बघावं.

फसगत अशी. केस गळायला लागले की लोक बायोटिनच्या गोळ्या सुरू करतात. या गोळ्या पोटात असताना टीएसएचसारख्या काही तपासण्यांचा निकाल चुकीचा येऊ शकतो आणि थायरॉइड बिघडलेलं नसताना बिघडलेलं दिसतं. रक्त देण्याआधी किमान दोन-तीन दिवस बायोटिन बंद ठेवा, आणि घेत असल्याचं डॉक्टरांना सांगा. दुसरं, ताप किंवा मोठा संसर्ग चालू असताना फेरिटिन उगाच वाढलेलं येतं. ताप उतरून काही आठवडे झाल्यावर तपासलं तर आकडा खरा कळतो.

ताईंचं हिमोग्लोबिन 10.1 आणि फेरिटिन 11 आलं. बाकी सगळं ठीक होतं. मग विचारल्यावर कळलं की दोन वर्षांपासून पाळीत अंगावरून खूप जातं. ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण रक्त जात असताना नुसतं लोह घालत राहणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं.

उपचार, आणि त्याला लागणारा वेळ

लोहाची गोळी मी त्यांना एक दिवसाआड दिली. रोज दिल्यापेक्षा अशाने शोषण चांगलं होतं आणि मळमळ कमी होते. गोळीसोबत लिंबूपाणी चालतं, चहा मात्र दोन तास आधी नाही आणि नंतर नाही. आपल्याकडे हीच गोष्ट सगळ्यात अवघड जाते. हिमोग्लोबिन भरून आल्यावरही साठा भरायला आणखी तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते.

मानेसाठी कामाची पद्धत बदलली. पायाखाली भक्कम स्टूल किंवा क्रेट घेतलं की घड डोळ्यांसमोर येतो आणि मान मागे टाकावी लागत नाही. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं हात खाली. दिवसातून तीन वेळा, भिंतीला पाठ टेकवून हनुवटी सरळ मागे ओढायची, पाच सेकंद धरायची, असं दहा वेळा. हे फिजिओथेरपिस्टकडून एकदा समजून घेतलेलं बरं, कारण हनुवटी मागे न्यायच्या ऐवजी बरेच जण मान खाली घालतात. मानेला झटका देऊन कटकन आवाज काढणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका.

रात्री झोप लागत नव्हती म्हणून ॲमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅम दिलं, संध्याकाळी आठच्या सुमारास. उशिरा घेतलं तर सकाळी गुंगी राहते. पाकिटातला कागद वाचून ताईंचे यजमान घाबरले, "ही तर डिप्रेशनची गोळी आहे." मी समजावलं, की नैराश्यासाठी हीच गोळी याच्या कित्येक पट मात्रेत दिली जाते. एवढ्या कमी मात्रेत ती नसांचा हळवेपणा उतरवते. तोंडाला कोरड पडते, बद्धकोष्ठ होऊ शकतं. काचबिंदू, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास, लघवी अडकणं किंवा गर्भारपण असेल, किंवा मनाच्या आजारावरची दुसरी गोळी चालू असेल, तर ती परस्पर घ्यायची नाही. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशी "फरक नाही" म्हणून सोडून देणारे अनेक आहेत. काहींना याऐवजी गॅबापेंटिन चालतं. या कुठल्याच औषधामागे मोठे अभ्यास नाहीत, लहान अभ्यास आणि अनुभव आहे, आणि हे मी रुग्णाला आधीच सांगते.

मनाबद्दलही इथेच बोलते. नैराश्य आणि चिंता असणाऱ्यांत टाळूचं दुखणं जास्त दिसतं. पण म्हणून कुणाला "हे तुमच्या मनाचं आहे" असं सांगणं चूक आहे. हळवी झालेली नस खरोखर दुखते. झोप उडाली, भूक गेली, रडू येतं असं असेल तर त्याचा उपचार स्वतंत्रपणे आणि मनापासून करावा, टाळूच्या उपचाराच्या जोडीने.

गळतीवर लावायला मी ताईंना मिनोक्सिडिल दिलं नाही. तापानंतरची गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. मिनोक्सिडिलने सुरुवातीला गळती वाढू शकते, आणि त्याच्या द्रावणाने हळवी टाळू आणखी पोळते.

तीन आठवड्यांनी ताई आल्या तेव्हा मागची, मानेकडून येणारी आग बरीच कमी झाली होती. मधल्या टाळूची मात्र तशीच होती, आणि त्या थोड्या नाराज होत्या. मी त्यांना तारखांचा हिशोब दाखवला: गळती थांबेपर्यंत ती जागा हळवी राहणार. मार्चच्या मध्यावर ओढून बघितलं तर साठात दोनच केस आले आणि कंगव्याने कळ येत नव्हती. एप्रिलमध्ये कपाळाच्या कडेला बोटाच्या पेराएवढे नवे केस उभे राहिलेले दिसले. ॲमिट्रिप्टिलिन तेव्हा बंद केलं. लोह चालू आहे.

समजा मार्चमध्येही तीच आग राहिली असती, किंवा गळती थांबूनही एखाद्या जागेवर छिद्रं दिसेनाशी झाली असती, तर मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली असती आणि त्या जागेचा तुकडा तपासायला पाठवला असता. तुम्हालाही सहा महिन्यांनी फरक नसेल तर तेच मागा. पाच जागांचे जुने फोटो जपून ठेवा, दर महिन्याला त्याच जागांचे, त्याच उजेडात नवे काढा आणि सोबत घेऊन जा. डॉक्टरांना ते शेजारी-शेजारी ठेवून बघता येतात.